फोंडा तालुका कबड्डी लीग : आठ संघांची नावे

संघमालक आणि कप्तान मंडळींस,

टायगर्स, लायन्स, वॉरियर्स आलेल्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या. आपल्या तालुक्यात वाघ कुणी पाहिलाय? देवाचं नावही कुठल्या संघाला दिलेलं नाही. संघ हरला की दुसऱ्या दिवशी पेपरात काय मथळा येईल, याचा विचार करा.

माशेल चिखलवीर. यावर वाद झालाच नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो खेळत जी पोरं वाढली, त्यांना मॅटवरून काय घसरवणार? टी-शर्ट मातकट तपकिरी. धुतला नाही तरी चालेल.

सावईवेरे पाडेली. कुळागरात पाडेली चढतो आणि पाडतो. कबड्डीत तरी दुसरं काय असतं? पायात घातलेला दोरीचा फास हेच बोधचिन्ह. मालकांना ‘स्पाइस किंग्स’ हवं होतं. ते पर्यटकांच्या बसवर शोभेल.

बोरी कुर्ल्या. जुवारीकाठचा संघ, आणि डावा कोपरारक्षक घोटा पकडला की सोडत नाही. कुर्लीचा डांगा एकदा बोटाला लागलाय त्याला वेगळं सांगायला नको. टी-शर्टवर पूल नको, डांगाच हवा.

मंगेशी सेव्हन. दीपस्तंभाचे मजले सात, मैदानात खेळाडू सात. मंगेशी हे गावाचंही नाव, म्हणून वरच्या नियमातून तेवढी सूट.

फर्मागुढी किल्लेदार. महाराजांनी १६७५ साली फोंड्याचा किल्ला घेतला. फर्मागुढीला किल्ल्याच्या घाटाचं त्यांचं स्मारक आहे. ‘मावळे’ही सुचलं होतं, पण हा संघ पकडीवर जिंकतो, चढाईवर नाही. घर राखणारा तो किल्लेदार.

बेतोडा नाइट शिफ्ट. औद्योगिक वसाहतीतली पोरं. दुसरी पाळी सुटल्यावर डबा तसाच खांद्याला अडकवून सरावाला येतात. पाठीवर नंबराच्या वर हजेरी कार्डासारखी चौकट छापू. सामने मात्र त्यांचे उशिराचेच ठेवा.

खांडेपार प्रेशर. ओपाचं पाणी पार पणजीपर्यंत जातं. इथलं प्रेशर कमी झालं की राजधानीचे नळ कोरडे. नाव थोडं विनोदी आहे, पण शेवटच्या मिनिटाला निवेदक ‘खांडेपारचं प्रेशर वाढतंय’ म्हणेल तेव्हा पटेल.

तिस्क जॅमर्स. संध्याकाळी सहाला तिस्कावर गाडी काढून पाहा.

मराठी अक्षरं मोठी, इंग्रजी बारीक, असं टी-शर्टवाल्याला सांगितलंय. कापड शुक्रवारी छपाईला जाईल. हरकत असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा, आणि सोबत दुसरं नाव द्या. नुसतं ‘आवडलं नाही’ चालणार नाही. बोरीवाल्यांनी ‘शार्क्स’ परत सुचवू नये.

— नामकरण उपसमितीच्या वतीने