कानाची तपासणी

गाडी स्टँडला लावता लावताच दूधवाला बोलू लागला, "नाना, इंजिन खोलावं लागेल म्हणतात. बोअर, पिस्टन, सगळंच. आठ हजार सांगितलेत."

"त्यांनी काय काय तपासलं?"

"चालू केली, रेस दिली आणि सांगितलं."

नानांनी अथर्वकडे पाहिलं. "ऐक."

नाना एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आता कासारवाडीत, रेल्वे रुळांच्या अलीकडे त्यांची पत्र्याची टपरी होती. गाड्या यायच्या, मिक्सर यायचे, उन्हाळ्यात पंखे तर रोजच. दहावीत गेलेला अथर्व सुट्टीत तिथं येऊन बसायचा. सुरुवातीला नानांनी त्याच्या हातात पान्हा दिलाच नव्हता. धडधाकट गाडी आली की जवळ उभं करायचे. "ही चांगली आहे, हिचा आवाज पाठ कर. चांगलं कसं वाजतं तेच ठाऊक नसेल, तर बिघडलेलं काय ओळखणार?" पंख्यांवर मात्र पोराचा हात लवकर बसला. पंखा नुसताच गुंगुं करतोय आणि काठीनं पातं ढकललं की फिरतोय, तर आधी कपॅसिटर बघायचा. मिक्सरची मोटर सुसाट पळतेय आणि भांड्यातली पाती जागच्या जागी, तर कपलर झिजलाय.

इंजिनाचं तसं नव्हतं. तिथं दहा आवाज एकदम वाजतात.

अथर्वनं किक मारली. गाडी न्यूट्रलमध्ये धडधडू लागली आणि त्यात एक खडखड होती. तो वाकला, लगेच म्हणाला, "टॅपेट."

"अंदाज नको. मोज."

तेवढ्यात लोकल आली. तिघंही थांबले. शेवटचा डबा गेल्यावर नाना म्हणाले, "क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. म्हणून टॅपेट वाजलं तर इंजिनाच्या निम्म्या तालात, टिक, टिक, वेगवेगळं मोजता येईल असं. हे तसं आहे?"

अथर्वनं डोळे मिटले. "नाही. याला तालच नाही. भांड्यात सुटे नट हलवल्यासारखं वाजतंय."

नानांनी लांब स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मुठीचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं, पातं इंजिनाला, सायलेन्सरपासून हात लांब. अथर्वनं हेडवर टेकवलं: बारीक टिकटिक, नेहमीची. डावीकडे टायमिंग चेनच्या बाजूला: साफ सळसळ. उजव्या कव्हरवर टेकवलं आणि तो दचकलाच. खडखड थेट डोक्यात शिरली.

"इथंय! उजवीकडे!"

"उजवीकडे काय काय असतं?"

"क्लच."

"मग विचार की क्लचलाच."

अथर्वनं डाव्या हातानं क्लच दाबला. खडखड गेली. सोडला, आली. पुन्हा दाबला, पुन्हा गेली. दूधवाल्यालाही ते ऐकू आलं, तो उठून जवळ आला.

"पिस्टन क्लच दाबल्यावर गप्प बसतो का रे?" नानांनी विचारलं.

"नाही. तो तसाच वाजणार." अथर्व आता भरभर बोलत होता. "म्हणजे क्लच हाऊसिंग. त्यातल्या स्प्रिंगा सैल झाल्यात."

"ऑइल काढ आणि कव्हर खोल. खात्री हातानं करायची."

ऑइल तसराळ्यात उतरलं, कव्हर निघालं. अथर्वनं गिअर धरून हाऊसिंग हलवलं तर ते दोन्ही बाजूंना चांगलंच खेळत होतं. नानांनी तेलकट अंगठ्यानं स्प्रिंगा दाबून बघितल्या आणि दूधवाल्याला म्हणाले, "हेड उघडायचं काम नाही. हाऊसिंग, पॅकिंग आणि ऑइल. संध्याकाळी घेऊन जा."

दूधवाल्यानं हात जोडले. अथर्व मात्र चाकाकडे बघत उभा होता.

"नाना, मागचं बेरिंगपण गेलंय."

"कशावरून?"

"काका गाडी ढकलत आत आणत होते ना, तेव्हा कुरकुरत होतं. बारीक."

नानांनी मागचं चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. चाक फिरून थांबलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग सरळ उभे राहिले.

"मला नाही येत ऐकू," ते म्हणाले. "वर्कशॉपात पत्र्यावर रिबिटं ठोकायचे, जन्मभर त्याच्या शेजारी काम केलं. जाड आवाज अजून कळतात. बारीक गेले ते गेलेच."

अथर्वला काय बोलावं सुचेना. नानांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे दिला आणि स्वतः चाक फिरवलं. अथर्वनं पातं एक्सलच्या नटाला टेकवलं, मूठ हाडाला.

"आहे, नाना. चेनच्या बाजूला."

"नक्की?"

"नक्की."

नानांनी दूधवाल्याकडे वळून सांगितलं, "मागचं बेरिंगपण बदलावं लागेल." आणि खिशातून पैसे काढून पोराच्या हातावर ठेवले. "जा, घेऊन ये. दुकानात बोटावर फिरवून ऐक, मगच पैसे दे."