शेअरिंगचे पेन ड्राइव्ह वापरण्याबद्दल – सगळ्या स्टाफसाठी

कृपया सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा. मागच्या दीड महिन्यात ऑफिसच्या 6 पैकी 3 पेन ड्राइव्ह करप्ट झालेत, आणि तो शॉर्टकटवाला व्हायरस अकाउंट्सच्या पीसीवरून साफ केला की आठवड्याभरात आवक-जावकच्या पीसीवर, तिथून काढला की परत अकाउंट्सला, असं तीनदा झालंय. शेवटच्या वेळेस तर महिन्याच्या पगाराची शीट गेली, मेलमध्ये जुनी कॉपी सापडली म्हणून निभावलं.

आधी व्हायरसचं बघू. पेन ड्राइव्ह उघडल्यावर तुमचे फोल्डर दिसतात पण आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, किंवा आत फक्त ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट असतो, तर त्यावर डबल क्लिक करू नका. खरे फोल्डर त्याने लपवून ठेवलेले असतात, डिलीट झालेले नसतात, पण त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागून व्हायरसही चालू होतो, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं नीट आहे. मग त्या पीसीला जो जो पेन ड्राइव्ह लागेल तो गेलाच. काही जण नेटवरून बघून ही कमांड चालवतात:

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

याने लपलेले फोल्डर परत दिसतात हे खरं, पण व्हायरस जात नाही, तो पीसीतच बसलेला असतो आणि थोड्या वेळात परत लपवतो. पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी तेच, त्याच पीसीला लावला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून स्वतः डॉक्टरकी न करता पेन ड्राइव्ह काढा, तो पीसी नेटवर्कवरून सोडवा आणि आम्हाला सांगा. कोणालाही बोलणं बसणार नाही, खरंच. मागच्या वेळी दोन दिवस कोणी सांगितलं नाही म्हणून एकाचे चार पीसी झाले, त्रास त्याचा झाला.

पेन ड्राइव्ह लावला की लगेच उघडायचा नाही. This PC मध्ये जाऊन ड्राइव्हवर राइट क्लिक, Scan with Microsoft Defender, आणि स्कॅन संपेपर्यंत थांबायचं. घाई असली तरी. बाहेर प्रिंटिंगला गेलेला पेन ड्राइव्ह तर थेट आमच्याकडेच आणा, आपला व्हायरस बहुधा तिकडूनच आला. यापुढे बाहेर द्यायला पिवळी टेप लावलेला एकच पेन ड्राइव्ह राहील, त्यात फक्त प्रिंटची पीडीएफ टाकायची, दुसरं काही नाही.

आता करप्ट होण्याबद्दल. यात व्हायरसचा दोष कमी आणि आपल्या खेचाखेचीचा जास्त आहे. कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे लिहून झालं असं नेहमी नसतं, कधी कधी शेवटचा भाग अजून जात असतो आणि तेवढ्यात पेन ड्राइव्ह ओढला की फाइल अर्धवट राहते, नशीब वाईट असेल तर सगळ्या फाइलींची यादीच बिघडते. त्यामुळे फाइली बंद करा, Eject करा, मेसेज आला की मगच काढा. तो "वापरात आहे" म्हणाला तर काहीतरी उघडं आहे, शोधून बंद करा, नाहीच सापडलं तर पीसी शटडाउन करून काढा.

एक्सेल, वर्डच्या फाइली पेन ड्राइव्हवरच उघडून काम करायची सवय सोडा. आधी पीसीवर कॉपी करा, काम संपलं की परत टाका. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता आहे, कपाट नाही. एकमेव कॉपी त्यात ठेवायची नाही, आणि त्यातून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्येही जात नाही हे लक्षात असू द्या.

"You need to format the disk" असा मेसेज आला तर Cancel दाबा. बऱ्याचदा आतला डेटा परत मिळू शकतो, पण फॉरमॅट करून त्यावर नवीन काही टाकलं की आशा सोडा. मागच्या महिन्यात एकाने फॉरमॅट करून वर ट्रेनिंगचे व्हिडिओ टाकले, त्याखाली काय होतं ते विचारू नका.

सोमवारपासून पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडलेले नसतील, आमच्या टेबलावर रजिस्टरला नाव, वेळ लिहून घ्यायचे आणि त्याच दिवशी 5.30 पर्यंत परत द्यायचे. घरचे पेन ड्राइव्ह ऑफिसच्या पीसीला लावायचे नाहीत, गाणी ऐकायलाही नाही. पीसी टू पीसी फाइल द्यायची असेल तर नेटवर्कवरचा शेअर्ड फोल्डर आहेच, ज्यांना तो दिसत नाही त्यांनी उद्या दुपारच्या आत सांगा, जोडून देतो. आणि ज्यांच्याकडे ऑफिसचा निळ्या टेपवाला पेन ड्राइव्ह आहे त्यांनी तो शुक्रवारपर्यंत आणून द्या, दोन आठवडे झाले शोधतोय.

– सिस्टम विभाग, दुसरा मजला