प्रश्न ४ : सार्वजनिक सेवा प्रसारण व व्यावसायिक प्रसारण यांची तुलना करा

उत्तर : दोन्हींतला मूळ फरक पैसा कुठून येतो यात आहे. व्यावसायिक वाहिनी मुख्यतः जाहिराती व वर्गणीवर चालते. टीआरपी घसरला की जाहिरातीचा दर घसरतो, म्हणून मालिका आणि रिअ‍ॅलिटी शोंची गर्दी होते. याउलट ब्रिटनची सार्वजनिक सेवा प्रसारण संस्था असलेल्या बीबीसीचा मुख्य आधार प्रेक्षकांनी भरलेले परवाना शुल्क.

भारतात दूरदर्शन व आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९० च्या कायद्याने स्वायत्त ठरली, १९९७ मध्ये स्थापन झाली. पण ती मोठ्या प्रमाणात सरकारी अनुदानावर अवलंबून असल्याने माझ्या मते ही स्वायत्तता अपुरी आहे. खासगी वाहिन्यांवर मात्र मालक व जाहिरातदारांचा दबाव असतो.

‘आमची माती, आमची माणसं’सारखा शेतीविषयक कार्यक्रम मुंबई दूरदर्शनने वर्षानुवर्षे दाखवला, कारण तिथे नफ्याची अट नव्हती.