मनापासून आभार, डॉक्टर, आणि एक प्रश्न

नमस्कार डॉक्टर,

काल तुम्ही मला फॉलो केलंत आणि जुलाबाच्या माहितीपत्रकावरच्या माझ्या पोस्टखाली कमेंटही लिहिलीत. दोन्हींबद्दल मनापासून आभार. मी वैद्यकीय मजकुराचं मराठी भाषांतर करते. रुग्णांची माहितीपत्रकं, संमतीपत्रं, औषधासोबतच्या सूचना असं काम असतं. हा मजकूर ज्यांच्या हातून रुग्णापर्यंत जातो अशी माणसं माझ्या लिखाणाकडे फार क्वचित वळतात, म्हणून बालरोगतज्ज्ञाचं नाव पाहून खरंच आनंद झाला.

तुमची कमेंट अशी होती: ‘कागद कितीही चांगला असला तरी शेवटी सगळं तोंडीच सांगावं लागतं.’ तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्याकडे संमतीपत्रासारख्या मजकुराची एक तपासणी असते, बॅक ट्रान्सलेशन. माझं मराठी दुसऱ्या भाषांतरकाराकडे जातं. त्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं. तो ते पुन्हा इंग्रजीत आणतो आणि मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून ताडून बघतात. एखादा ‘नाही’ गळला, मात्रेचा आकडा चुकला, ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडलं, तर इथे सापडतं. ही तपासणी हवीच. पण तिची एक मर्यादा मला सतत खुपते. मराठी जितकं इंग्रजीच्या वळणाचं, तितकं ते परत इंग्रजीत सुरळीत जातं. म्हणजे घरी आईला दोनदा वाचूनही न उमगणारं वाक्य या चाळणीतून अगदी बिनबोभाट पार होतं. मजकूर मुळाशी जुळतो का, एवढंच ती सांगते. तापलेलं मूल मांडीवर घेऊन रात्री कुणी तो वाचला तर पुढचं पाऊल कळेल का, हे ती सांगत नाही.

ओआरएसच्या सूचनाच घ्या. पुडी कितीची आहे ते पाहून तेवढंच पाणी मोजून घ्यायचं, लिटरची पुडी असेल तर पूर्ण लिटर. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात असा हिशेब करायचा नाही. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. आणि मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने, सावकाश सुरू करायचं. मी केलेल्या एका पत्रकात ही उलटीची सूचना पार तळाला, साठवणुकीच्या सूचनांच्याही खाली होती. भाषांतरकार म्हणून मला ती परस्पर वर सरकवता येत नाही, पण शेरा लिहून विचारता येतं आणि मी विचारलं. मंजुरी मिळाली, ओळ वर गेली. मला वाटतं, घाबरलेले आईबाप नेमके त्याच क्षणी पाणी देणं बंद करत असतील. पण हा माझा अंदाज झाला. खरं काय होतं ते तुम्ही रोज बघता.

म्हणून विचारते: तपासून घरी गेल्यावर पालक पुन्हा फोन करतात तेव्हा सगळ्यात जास्त काय विचारतात? कागदावर लिहिलेलंच पुन्हा विचारतात, की कागदावर नसलेलं? या दोन्हींत माझ्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिलं असेल तर माझ्या भाषेत किंवा मांडणीत काहीतरी अडतंय. दुसरं असेल तर मूळ मजकूर लिहिणाऱ्यांपर्यंत ते पोचवायला हवं, आणि तसे शेरे मी कामासोबत पाठवतेच.

तुमच्या प्रोफाइलवर डिस्चार्जच्या वेळी पालकांना काय सांगावं यावरचा छोटा व्हिडिओ पाहिला. शेवटी तुम्ही आईला ‘आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय कराल?’ असं विचारता, ते फार आवडलं. मीही मसुदा झाल्यावर वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या कुणालातरी वाचायला देते आणि ‘समजलं का?’ असं न विचारता ‘आता काय करशील?’ असंच विचारते. ‘समजलं’ तर सगळेच म्हणतात.

उत्तराची घाई अजिबात नाही. ओपीडीच्या गर्दीत टाइप करणं जमत नसेल तर व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल. फक्त रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही त्यात नको, प्रश्न तेवढा पुरे. आणि तुमच्याकडे पालकांना देण्याचा एखादा कागद असेल, ज्याच्यावरून तुम्हाला रोज तेच तेच सांगावं लागतं, तर त्याचा फोटो जरूर पाठवा. कुठे अडतंय असं मला वाटतं ते खुणा करून परत पाठवेन. हे काम मिळावं म्हणून म्हणत नाही, मला तो कागद खरोखर बघायचा आहे.