बायनरी सर्च ट्री: दहा संख्यांची आकृती आणि तिचा इनऑर्डर

दिलेला क्रम: ५२, २७, ७८, १४, ३९, ३३, ९१, ६४, ४५, ७०. संख्या याच क्रमाने एकेक करून रिकाम्या ट्रीमध्ये घालायच्या, आकृती काढायची आणि इनऑर्डर ट्रॅव्हर्सल लिहायचं.

नियम एकच. नवी संख्या घेऊन रूटपाशी उभं राहायचं. समोरच्या नोडपेक्षा ती लहान असेल तर डावीकडे उतरायचं, मोठी असेल तर उजवीकडे. जिथे पुढे नोडच नाही, तिथे तिला बसवायचं. दोन नोडच्या मध्ये शिरायचं नाही आणि आधी बसलेल्या कुणाला हलवायचं नाही. नवा नोड नेहमी लीफ म्हणूनच येतो. या क्रमात एकही संख्या दोनदा आलेली नाही, म्हणून समान संख्येचं काय करायचं हा वाद इथे उद्भवत नाही.

५२ आली तेव्हा ट्री रिकामी होती, म्हणून तीच रूट. २७ लहान, डावीकडे. ७८ मोठी, उजवीकडे.

```
    ५२
┌───┴───┐
२७      ७८
```

१४ ही ५२पेक्षा लहान, २७पेक्षाही लहान, म्हणून २७च्या डावीकडे. ३९ ही ५२च्या डावीकडे जाते, पण २७पेक्षा मोठी असल्याने तिथून उजवीकडे वळते. आता ३३. ५२पाशी डावीकडे, २७पाशी उजवीकडे, ३९पाशी पुन्हा डावीकडे. ३९ची डावी बाजू रिकामी आहे, तिथे ३३ बसली. तीन तुलना लागल्या, म्हणजे रूटपासून तीन पायऱ्या खाली.

```
                ५२
    ┌───────────┴───┐
    २७              ७८
┌───┴───────┐
१४          ३९
        ┌───┘
        ३३
```

या घडीला ट्री डावीकडे झुकलेली दिसते. घाबरून ती सरळ करायला जाऊ नका. साध्या बायनरी सर्च ट्रीमध्ये तोल सांभाळण्याची कुठलीच सोय नसते.

९१ थेट उजव्या टोकाला, ७८च्या उजवीकडे. ६४ ही ५२पेक्षा मोठी आणि ७८पेक्षा लहान, म्हणून ७८च्या डावीकडे. ४५चा रस्ता ३३सारखाच: ५२पाशी डावीकडे, २७पाशी उजवीकडे. ३९पाशी मात्र फाटा फुटतो आणि ती उजवीकडे जाते. शेवटी ७०: ५२पाशी उजवीकडे, ७८पाशी डावीकडे, ६४पाशी उजवीकडे.

पूर्ण आकृती खाली आहे. ती मुद्दाम अशी काढली आहे की प्रत्येक नोडला स्वतःचा उभा स्तंभ मिळेल. तळाची ओळ म्हणजे प्रत्येक नोड सरळ खाली उतरवला की जे मिळतं ते, आणि हाच इनऑर्डर.

```
                    ५२
    ┌───────────────┴───────────┐
    २७                          ७८
┌───┴───────┐           ┌───────┴───┐
१४          ३९          ६४          ९१
        ┌───┴───┐       └───┐
        ३३      ४५          ७०
---------------------------------------
१४  २७  ३३  ३९  ४५  ५२  ६४  ७०  ७८  ९१
```

वहीत आकृती काढतानाही हीच सवय लावून घ्या. सगळे नोड मध्यभागी कोंबले की ४५ आणि ६४ एकमेकांच्या डोक्यावर येतात, मग कोण कुणाच्या डावीकडे आहे हे काढणाऱ्यालाच कळत नाही.

एका ठिकाणी हमखास घोळ होतो. समजा कुणी ४५ ही ६४च्या डावीकडे बसवली. वरवर सगळं ठीक वाटतं: ४५ ही ६४पेक्षा लहान आहे, ६४ ही ७८पेक्षा लहान आहे. प्रत्येक नोड फक्त आपल्या पेरेंटशी ताडून पाहिला, तर चूक सापडणारच नाही. पण ४५ आता ५२च्या उजव्या सबट्रीत आहे, आणि तिथे ५२पेक्षा लहान काहीही चालत नाही. इनऑर्डर लिहिला की बिंग फुटतं: ... ३९, ५२, ४५, ६४ ... असा क्रम येतो आणि मध्येच उतार लागतो. म्हणून आकृती पूर्ण झाल्यावर इनऑर्डर ही फुकटची तपासणी समजा. मात्र चढता क्रम आला म्हणजे ट्री वैध आहे एवढंच ठरतं. दिलेल्या क्रमानेच ती बनली आहे का, ते इन्सर्शनचा रस्ता पुन्हा चालूनच पाहावं लागतं.

आता ट्रॅव्हर्सल. आधी डावी सबट्री पूर्ण, मग स्वतः नोड, मग उजवी सबट्री.

```c
void inorder(struct node *p) {
    if (p == NULL) return;
    inorder(p->left);
    printf("%d ", p->data);
    inorder(p->right);
}
```

फंक्शन ५२पासून सुरू होतं, पण ५२ लगेच छापली जात नाही. ते २७कडे उतरतं, तिथून १४कडे. १४च्या डावीकडे `NULL`, म्हणून १४ ही पहिली छापली जाते. तिची उजवी बाजूही रिकामी, तेव्हा परत २७वर येऊन २७ छापायची. मग २७च्या उजवीकडे ३९, पण ३९च्या आधी तिची डावी बाजू, म्हणजे ३३.

३३ छापली जातानाचा क्षण नीट पाहा. स्टॅकवर वरून खाली ३३, ३९, २७, ५२ असे चार कॉल आहेत. त्यातल्या २७चं छापून झालंय, ती फक्त उजवी बाजू संपायची वाट बघते आहे. ३९ आणि ५२ अजून छापायच्या आहेत. ३३ संपली की ३९, मग ४५. तिथे २७ची उजवी बाजू संपते, दोन्ही कॉल मिटतात आणि ५२चा नंबर लागतो. उजव्या अंगाला ७८च्या आधी ६४. ६४ला डावं चाइल्ड नाही, म्हणून ती लगेच छापली जाते, मग ७०, ७८ आणि ९१.

दहा नोडना मिळून २० पॉइंटर. त्यातले ९ वापरात, उरलेले ११ `NULL`. त्यामुळे हे फंक्शन एकूण २१ वेळा बोलावलं जातं: १० वेळा खऱ्या नोडसाठी, ११ वेळा नुसतं परत फिरण्यासाठी.

तोंडी परीक्षेत आवडीने विचारला जाणारा प्रश्न: इनऑर्डर दिला तर ट्री काढता येईल का? नाही. याच दहा संख्यांच्या १६,७९६ वेगवेगळ्या आकाराच्या बायनरी सर्च ट्री होऊ शकतात आणि सगळ्यांचा इनऑर्डर अगदी हाच येतो. प्रीऑर्डर दिला तर मात्र ट्री एकच निघते. इथे तो ५२, २७, १४, ३९, ३३, ४५, ७८, ६४, ७०, ९१ असा आहे. उलट बाजूने, वेगळ्या क्रमाने संख्या घालूनही हीच आकृती मिळू शकते. उदाहरणार्थ ५२, ७८, ६४, ९१, ७०, २७, ३९, ४५, ३३, १४ असं घालून पाहा. पेरेंट चाइल्डच्या आधी आला की झालं. दहा संख्यांच्या ३६,२८,८०० क्रमांपैकी ३,०२४ क्रम आपल्याला याच आकृतीवर आणून सोडतात.

आणि हाच इनऑर्डर इन्सर्शनचा क्रम म्हणून दिला तर? १४च्या उजवीकडे २७, तिच्या उजवीकडे ३३, असं करत ९१पर्यंत एकच लांब साखळी. आपल्या ट्रीला इन्सर्शनमध्ये एकूण १९ तुलना लागल्या, या साखळीला ४५ लागतात, आणि ९१ शोधायला दहाही नोड ओलांडावे लागतात. ही साखळी टाळण्यासाठी प्रत्येक इन्सर्शननंतर तोल सावरणारी ट्री अॅडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ साली मांडली. दोघांच्या आडनावांवरून तिला एव्हीएल ट्री म्हणतात, आणि तिचा इनऑर्डरसुद्धा १४ ते ९१ हाच येईल.