पर्वरीचा फ्लॅट: रविवारी येण्याआधी एक विचारायचं होतं

नमस्कार काका,

काल संध्याकाळी पर्वरीच्या फ्लॅटबद्दल फोंड्याहून फोन केला होता, ती मी. रविवारी अकराला या म्हणालात, पण एक गोष्ट बोलायची राहून गेली. ती आत्ताच विचारते, म्हणजे तुमचा रविवार उगाच मोडायला नको.

आमच्याकडे एक कुत्री आहे. तिला घेऊन तुमच्या फ्लॅटमध्ये राहिलेलं चालेल का?

तिचं नाव टिकली. गावठी आहे, सहा वर्षांची, वजन चौदा किलो. फर्मागुढीला भर पावसात रस्त्याच्या कडेला सापडली तेव्हा दोन तळहातांत मावत होती. नसबंदी झालेली आहे. रेबीजची लस दरवर्षी देतो, यंदाची जूनमध्ये झाली. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं लसीचं पुस्तक रविवारी दाखवीन, हवं तर आजच फोटो पाठवते.

ती भुंकते का, हे तुम्ही विचारालच. भुंकते. सकाळी पोदेराच्या सायकलचा पोंय-पोंय आवाज आला की दाराशी जाऊन तीन-चारदा भुंकते, पाव घरात आला की गप्प. रात्री भुंकत नाही. चवथीला फटाके सुरू झाले की घाबरून बाथरूममध्ये जाऊन बसते, म्हणून त्या दिवसांत आमच्यापैकी एकजण घरी असतोच. एरवीही ती फार वेळ एकटी नसते. माझी शाळा सकाळची आणि मिस्टरांची ड्युटी दुपारची, त्यामुळे मध्ये जेमतेम दोन तास. बाल्कनीत बांधून ठेवायची सवय आम्ही तिला लावलेली नाही.

नुकसानीचंही सांगते. पहिल्या वर्षी तिने सध्याच्या घराच्या मुख्य दाराला खालच्या बाजूने नखांनी ओरखडे काढले होते. आम्ही सुतार बोलावून दार घासून घेतलं, पॉलिश केलं. त्याला पाच वर्षं झाली, पुन्हा तसं झालेलं नाही. खाली दाराचा आत्ताचा फोटो जोडलाय. आमच्या घरमालकांशी बोलायचं असेल तर त्यांना विचारून नंबर देते.

तुमची तयारी असेल तर एक महिन्याचं भाडं जास्तीचं डिपॉझिट म्हणून ठेवू. अकरा महिन्यांच्या करारात टिकलीचा उल्लेख स्पष्ट घाला, दार-भिंतींचं नुकसान झालं तर भरपाई आमच्याकडून हेही घाला. घर सोडताना आतून रंग आणि पेस्ट कंट्रोल आम्ही करून देऊ. पावसाळ्यात गोचिड्यांची भीती सगळ्यांनाच असते, ते औषध तिला नियमित चालू आहे. जिन्यात आणि आवारात ती पट्ट्यावरच असेल, आणि तिने केलेली घाण आम्हीच उचलतो.

सोसायटीचं काय आहे, तेही कळलं तर बरं होईल. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ते दाखवून मला तुमच्याकडून होकार घ्यायचा नाही. घर तुमचं आहे, कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवायचं. शिवाय खालच्या मजल्यावर कोणी आजारी असेल, कुणाचं तान्हं बाळ असेल, तर ते आम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

इतकं लांबलचक लिहितेय त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात म्हापशाला एक फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. दोनदा जाऊन आलो, टोकन दिलं, आणि कराराचा कागद हातात आला तेव्हा त्यात शेवटची ओळ होती: पाळीव प्राणी चालणार नाहीत. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. टोकन परत मिळालं, पण त्या बाईंचे तीन आठवडे गेले आणि आमचेही. लपवून राहणं मला जमणार नाही. बेल वाजली की तिला आतल्या खोलीत कोंडायचं, असे दिवस तिच्या वाट्याला यावेत असं मला वाटत नाही.

चालत असेल तर रविवारी तिला सोबत आणू का, की पहिल्यांदा आम्ही दोघंच येऊ? तुम्ही म्हणाल तसं. मला वाटतं, तिला एकदा बघितलंत तर ठरवायला सोपं जाईल. पोलीस स्टेशनच्या भाडेकरू पडताळणीसाठी लागणारी आमची कागदपत्रं तयार आहेत, तीही घेऊन येईन.

जमणार नसेल तर नुसतं ‘नाही’ लिहिलंत तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवाल का? फोंड्याहून पणजी आणि तिथून पुढची बस, म्हणून सकाळी लवकर निघावं लागतं.