वार्षिक कार्यक्रमांच्या चित्रीकरणातून ऑनलाइन देण्याजोगी सादरीकरणे निवडण्याबाबत प्रस्ताव

प्रति,
कार्यकारिणी सदस्य

विषय: 2010 ते 2024 मधील चित्रीकरणांची पाहणी, निवड आणि प्रसारण

2020 आणि 2021 वगळता या काळात आपले 13 वार्षिक कार्यक्रम झाले. पहिल्या तीन वर्षांचे चित्रीकरण 12 मिनी-डीव्ही कॅसेटवर आहे, 2013 ते 2015 चे 6 डीव्हीडींवर आणि पुढचे कार्डवरून उतरवलेल्या फाइलींत. एकूण साधारण 46 तास भरतात, सादरीकरणे 180 च्या घरात. "सगळंच ऑनलाइन टाकून द्या" ही सूचना मागच्या बैठकीत आली होती. तसे करू नये असे माझे मत आहे. सभागृहात रंगलेला प्रत्येक आयटम पडद्यावर रंगतोच असे नाही, आणि चार तासांची अखंड फीत कोणी उघडून बसत नाही. माझ्या अंदाजाने शेवटी 20 ते 25 सादरीकरणे उरतील. तेवढी पुरेत.

आधी जतन, मग निवड. कॅसेट उतरवायला चालू स्थितीतला कॅमकॉर्डर आणि फायरवायर पोर्ट असलेला संगणक लागतो. 60 मिनिटांची कॅसेट उतरायला 60 मिनिटेच लागतात, त्यात घाई करता येत नाही. एका तासाला सुमारे 13 जीबी, म्हणजे 12 कॅसेटना 156 जीबी. प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. चित्रावर चौकोनी ठिपके दिसले तर फीत खराब झाली असे लगेच धरू नये; बहुतेक वेळा हेड मळलेले असते. क्लीनिंग कॅसेट काही सेकंद फिरवून तोच भाग पुन्हा पाहावा.

डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइली मूळ रूपातच ठेवायच्या आणि पाहण्यासाठी वेगळी प्रत करायची. हे चित्र इंटरलेस्ड असल्याने संगणकावर नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. त्या अशा घालवता येतात:

```
ffmpeg -i "concat:VTS_01_1.VOB|VTS_01_2.VOB" -vf yadif -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k 2013_dvd1.mp4
```

कार्डवरच्या फाइलींचा घोळ निराळा आहे. बऱ्याच कार्डांवर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा गाण्याच्या मध्येच नवी फाइल सुरू करतो. फाइलचे नाव बदलले की क्रम हरवतो आणि अर्धे गाणे "अपूर्ण" म्हणून बाद होते. मूळ नावे कोणीही बदलू नयेत. सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. एक डिस्क मंडळाच्या कपाटात, दुसरी खजिनदारांच्या घरी.

पाहणीच्या दोन फेऱ्या सुचवतो. पहिल्या फेरीत एकाच व्यक्तीने फक्त नोंद करायची. छापील कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नये, आयत्या वेळी क्रम बदललेला असतो. खरा क्रम निवेदकाच्या आवाजात आहे. निवेदनापासून निवेदनापर्यंत उडी मारत गेले की एक कार्यक्रम तासाभरात नोंदवून होतो, सगळे मिळून 13 तास. नोंदीची ओळ अशी असावी:

2018 | फाइल 0003 | 00:41:20–00:47:05 | समूहगान, 9 जण | आवाज मिक्सरचा, तबला मागे | ट्रॅक नाही | शक्यता

शेवटच्या रकान्यात "शक्यता", "फक्त संग्रह" किंवा "नाही", यांपैकी एकच शब्द. उद्या एकही चित्रफीत प्रसारित झाली नाही तरी ही वही मंडळाच्या कामाची राहील.

"शक्यता" लिहिलेली सुमारे 60 सादरीकरणे दुसऱ्या फेरीत दोघांनी, एकमेकांशी न बोलता, पूर्ण पाहावीत. सरासरी 7 मिनिटे धरली तर प्रत्येकाचे 7 तास. वाढवलेल्या वेगाने पाहू नये; नाचाचा ठेका आणि नाटकातले विराम त्यात मरतात. दोघांचे मत जुळले नाही तर तिसऱ्याचे घ्यावे. स्वतःचे किंवा घरच्यांचे सादरीकरण कोणी तपासू नये, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

निकषांत पहिला मान आवाजाला. हेडफोन लावून, डोळे मिटून पहिले मिनिट ऐकावे. डगमगते चित्र लोक चालवून घेतात, फाटलेला आवाज नाही. आवाज नुसता हळू असेल तर वाढवता येतो. ध्वनिमुद्रणातच चिरकला असेल तर परत येत नाही. कॅमेऱ्याच्या माइकवर पंखा, खुर्च्या आणि मागच्या रांगेतल्या गप्पा येतात. मिक्सरवरून घेतलेल्या आवाजात गायक स्वच्छ, पण माइकशिवाय वाजलेला तबला जवळजवळ गायब. 2022 पासून दोन्ही उपलब्ध आहेत, ते एकमेकांवर बसवून हा तोल साधता येईल. मात्र दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. सुरुवातीला जुळलेले ओठ तासाभराने सुटू शकतात, म्हणून जुळवणी प्रत्येक सादरीकरणापुरती नव्याने करावी.

चित्रात मुख्यतः चेहरे पाहावेत. काळ्या पडद्यापुढे कॅमेरा ऑटोवर असला की स्पॉटमधला चेहरा पांढराफटक होतो, आणि तो तपशील नंतर मिळत नाही. एकांकिकांबद्दल माझा आग्रह असा, की संवाद प्रत्येक पात्राचा ऐकू येत असेल तरच घ्याव्यात. नाहीतर एखादा सुटा प्रवेश द्यावा.

हक्कांचा मुद्दा आवडीनिवडीच्या वरचा आहे. गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्यांकडे असू शकतात. विकत घेतलेल्या ट्रॅकवरचे नृत्य सभागृहात झाले म्हणून ऑनलाइन चालते असे नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा असे संगीत ओळखते आणि हक्कधारकाच्या इच्छेप्रमाणे चित्रफीत अडवली जाते किंवा तिच्या जाहिरातींचे उत्पन्न त्याच्याकडे जाते. त्यामुळे सभासदांच्या स्वतःच्या रचनांना प्राधान्य द्यावे. एकांकिकेसाठी लेखकाची लेखी परवानगी लागेल. प्रयोगापुरती घेतलेली जुनी परवानगी यात धरू नये.

कलाकारांची संमतीही लेखी हवी. मुलांच्या बाबतीत पालकांची, आणि ती मुले आता सज्ञान झाली असतील तर त्यांची स्वतःची. मुलांची पूर्ण नावे देऊ नयेत. पाहुण्यांनाही विचारावे. कोणी नंतर नको म्हटले तर कारण न विचारता दोन दिवसांत चित्रफीत काढावी.

प्रत्येक चित्रफीत आधी "अनलिस्टेड" चढवून हक्कांची तपासणी पूर्ण होऊ द्यावी, दुवा कलाकारांना पाठवावा, नावांचे शुद्धलेखन त्यांच्याकडून तपासून घ्यावे आणि आठवड्याने खुली करावी. सुरुवातीचे स्वागत, हारतुरे कापावेत. टाळ्या मात्र तीन-चार सेकंद राहू द्याव्यात.

प्रस्तावित ठराव: पाहणीसाठी तीन सभासदांची समिती नेमावी. 2 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि एक क्लीनिंग कॅसेट घेण्यास मंजुरी द्यावी. जतनासाठी सहा आठवडे, दोन्ही फेऱ्यांसाठी आठ आठवडे आणि संमतीपत्रांसाठी चार आठवडे द्यावेत. पहिल्या पाच चित्रफिती कार्यकारिणीने पाहिल्याशिवाय काहीही खुले करू नये.

चिटणीस